आधी फोटो तपासा, मग दाढी

लग्नाच्या बायोडाटाला जोडायचा फोटो घरात चार जण बघतात आणि चार मतं पडतात. आई म्हणते, दाढी काढून टाक. बहीण म्हणते, दाढी राहू दे, पण केस बदल. मित्राला भुवया जरा जास्तच कोरल्यासारख्या वाटतात. वडील फोटो लांब धरून म्हणतात, "हा आपला वाटतच नाही." यातलं कुणाचंच मत बिनबुडाचं नसतं. पण दाढी, भुवया आणि केस चेहऱ्याला शोभतात की नाही हे फोटोवरून ठरवायचं असेल, तर तो फोटो ठरवण्याजोगा आहे का, हे आधी बघावं लागतं. बहुतेक फोटो तसे नसतात, आणि त्यातून निघालेला सल्ला थेट सलूनच्या खुर्चीपर्यंत पोचतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. समजा, २९ वर्षांचा एक तरुण आहे. दोन वर्षांपासून भरघोस दाढी राखतो. कानाच्या बाजूचे केस झिरो मशीनने पार टाळूजवळपर्यंत उडवलेले, भुवया दर तीन आठवड्यांनी थ्रेडिंग करून घेतलेल्या. आपला चेहरा लांबट आणि अरुंद आहे, म्हणून गालांच्या बाजूला दाढी फुगीर ठेवावी लागते, असं त्याचं ठाम मत आहे. हे मत त्याने सेल्फी बघून बनवलेलं आहे.

सेल्फी हात लांब करून काढली तरी फोन चेहऱ्यापासून साधारण ४० सेंटिमीटरवर असतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली सुमारे १२ सेंटिमीटर धरली, तर नाक ४० सेंटिमीटरवर आणि कान ५२ सेंटिमीटरवर. कॅमेऱ्याला जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते, त्यामुळे या फोटोत कानांची पातळी नाकाच्या मानाने जवळजवळ २३ टक्क्यांनी आक्रसते. तोच फोटो दोन मीटरवरून काढला तर फरक सहा टक्क्यांच्या आत येतो. जबड्याचे कोपरेही नाकापेक्षा बरेच मागे असतात, म्हणून सेल्फीत तेही आत जातात. नाक मोठं होतं, कान मागे लपतात, जबडा निमुळता होतो आणि रुंद चेहऱ्याचा माणूस अरुंद चेहऱ्याचा दिसू लागतो. अमेरिकेतले शल्यविशारद बोरिस पास्कोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हाच हिशेब नाकापुरता मांडला होता. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त दिसते, असं त्यांचं गणित सांगतं. नाक लहान करून द्या म्हणत सेल्फी घेऊन येणाऱ्या रुग्णांमुळे हा विचार सुरू झाला. दाढीच्या बाबतीत तीच फसगत रोज होते, फक्त तिची कुणी नोंद ठेवत नाही.

हा दोष लेन्सचा आहे असं अनेकांना वाटतं. खरं कारण अंतर आहे. म्हणून महागडा फोन घेतल्याने काही बदलत नाही, तो दीड-दोन मीटर लांब ठेवल्याने बदलतं. मागचा कॅमेरा वापरायचा, फोन डोळ्यांच्या उंचीवर कशावर तरी टेकवायचा, टायमर लावायचा आणि चेहरा लहान दिसला तर नंतर फोटो कापून मोठा करायचा. ब्युटी मोड बंद ठेवायचा. तो त्वचा गुळगुळीत करताना दाढीची कड पुसट करतो आणि काही फोनमध्ये जबडाही बारीक करतो, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी आपल्याला बघायच्या असतात.

उजेडाचंही असंच. डोक्यावरच्या ट्यूबलाईटखाली डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, भुवया जाड आणि खाली आलेल्या वाटतात, टाळूवरचे केस विरळ दिसतात आणि हनुवटीखालची सावली दाढीत मिसळून दाढी कुठे संपते ते कळेनासं होतं. समोरून फ्लॅश पडला की उलटं होतं, गालावरच्या विरळ दाढीमधली कातडी चमकते आणि दाढीला भोकं पडल्यासारखी दिसतात. सकाळी खिडकीकडे तोंड करून उभं राहिलं तर या दोन्ही अडचणी टळतात. थेट ऊन मात्र नको.

आणखी एक घोटाळा आरशाचा. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात पाहिलेलं असतं, म्हणजे डावं-उजवं उलटलेलं. पुढच्या कॅमेऱ्याने फोटो काढताना फोनच्या पडद्यावरही आपण उलटेच दिसतो. १९७७ मध्ये अमेरिकेत मीटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी लोकांना त्यांचे स्वतःचे सरळ आणि उलटे असे दोन फोटो दाखवले. स्वतः त्या व्यक्तींना उलटा फोटो जास्त आवडला, त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ. म्हणून सरळ फोटोत आपला भांग चुकीच्या बाजूला वाटला किंवा एक भुवई वर चढलेली वाटली, तर तो कारागिराचा दोष समजू नये. तो फोटो घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवावा. ते आपल्याला रोज सरळच बघत असतात.

आता मोजमाप. चेहरा गोल आहे की चौकोनी, बदामी की लांबट, अशी नावं ठेवून त्याखाली दाढीचे प्रकार छापलेले तक्ते सगळीकडे मिळतात. माझा त्यांच्यावर भरवसा नाही. बहुतेक चेहरे दोन-तीन नावांच्या मध्ये कुठेतरी बसतात आणि तोच चेहरा एक माणूस गोल म्हणतो, दुसरा चौकोनी. त्यापेक्षा साधी पट्टी घेऊन चार-पाच अंतरं मोजलेली बरी. केस कपाळावरून मागे ओढायचे, चेहरा निर्विकार ठेवायचा, दोन्ही बाहुल्या एका आडव्या रेषेत आहेत ना ते बघायचं. मान एका बाजूला कलली असेल तर पुढचं सगळं चुकतं. मग कपाळावर केस सुरू होतात तिथून भुवयांपर्यंत, भुवयांपासून नाकाच्या बुडापर्यंत आणि तिथून हनुवटीच्या टोकापर्यंत अशी तीन उभी अंतरं घ्यायची. हे तीन भाग जुन्या युरोपीय चित्रकारांनी चेहरा रेखाटण्यासाठी वापरले. ते समान असले म्हणजे चेहरा सुंदर आणि नसले म्हणजे नाही, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. कुठे लांबी आहे आणि कुठे रुंदी आहे एवढंच त्यातून कळतं, आणि केशकर्तनाला तेवढं पुरतं. आडवी अंतरं तीन घ्यायची: कानशिलांपाशी, गालफडांपाशी आणि जबड्याच्या कोपऱ्यांपाशी.

आपल्या तरुणाचा दोन मीटरवरून काढलेला फोटो छापून मोजला असं समजू. उभे तीन भाग आले २९, ३२ आणि २९ मिलिमीटर, एकूण ९०. कानशिलांपाशी रुंदी ५८, गालफडांपाशी ७०. जबड्यापाशी मात्र ७६, कारण ती दाढीची रुंदी आहे. दाढीखाली जबडा किती, हे फोटोत दिसतच नाही. इथे त्याचा कॉलेजप्रवेशाच्या वेळचा, दाढी नसलेला पासपोर्ट फोटो उपयोगी पडतो. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर जवळजवळ कायम राहतं, म्हणून तेच माप मानायचं. नव्या फोटोत हे अंतर ३२ मिलिमीटर आहे, पासपोर्ट फोटोत १२. पासपोर्ट फोटोत जबडा साडेचोवीस मिलिमीटर भरतो. साडेचोवीसला ३२ ने गुणून १२ ने भागलं की नव्या फोटोच्या मापात जबडा ६५ येतो. मधल्या काळात वजन बरंच वाढलं-घटलं असेल तर हा आकडा कच्चा समजायचा आणि दाढीत बोटं घालून जबड्याचं हाड चाचपून बघायचं.

म्हणजे या माणसाचा चेहरा अरुंद नाही. उलट जबडा गालफडांच्या जवळपास येईल इतका रुंद आहे. त्यावर दाढीने दोन्ही बाजूंना मिळून ११ मिलिमीटर घातले आणि चेहऱ्याचा सर्वांत रुंद भाग गालफडांवरून खाली जबड्यावर नेऊन ठेवला. दाढीशिवाय चेहऱ्याची लांबी रुंदीच्या सुमारे १.२९ पट होती, दाढीसह ती १.१८ पट झाली. सेल्फीने जे अरुंद दाखवलं ते भरून काढायला त्याने दोन वर्षं खर्च केली, आणि समोरून भेटणाऱ्याला मात्र तो खाली जड झालेला चेहरा दिसत राहिला. वडिलांना हा आपला वाटत नव्हता, त्याचं कारण हे असावं.

उपाय दाढी काढण्याचा नाही. हा छापील फोटो प्रत्यक्ष चेहऱ्याच्या साधारण निम्म्या मापाचा आहे. बाजूची दाढी चार मिलिमीटरवर आणली तर दोन्हीकडची मिळून आठ मिलिमीटर भर पडते, फोटोत ती चारच दिसते. जबडा ६५ चा ६९ होतो, गालफडांच्या ७० च्या आत राहतो. हनुवटीखाली दीडेक सेंटिमीटर लांबी ठेवली तर फोटोत खालच्या भागाला सहा-सात मिलिमीटर मिळतात, चेहऱ्याची लांबी ९६ च्या पुढे जाते आणि प्रमाण १.३७ पर्यंत येतं. बाजूला बारीक, खाली लांब, एवढ्या एका बदलाने चेहरा सावरतो. हनुवटीचं टोक फार निमुळतं मात्र करू नये, रुंद जबड्याखाली ते चिकटवल्यासारखं दिसतं.

दाढीत सर्वांत जास्त बिघडते ती मानेवरची रेषा, आणि फोटोत ती ओळखणं सगळ्यात सोपं आहे. जबड्याच्या हाडावरूनच वस्तरा फिरवून ‘लाईन मारली’ की समोरून कड धारदार दिसते, म्हणून ती अनेकांना आवडते. पण थोडं बाजूला वळून काढलेल्या फोटोत दाढी आणि मान यांच्यामध्ये उघड्या कातडीचा पट्टा दिसतो आणि बारीक माणसालाही हनुवटीखाली दुसरी हनुवटी असल्यासारखं वाटतं. दाढी जबड्याच्या खाली वळून सावलीत संपली पाहिजे. त्यासाठी कंठमण्यावर दोन बोटं आडवी ठेवायची. वरच्या बोटाच्या वरची कड हा सर्वांत खालचा बिंदू. तिथून दोन्ही कानांच्या पाळ्यांच्या मागे जाणारी हलकी वक्र रेषा काढायची आणि तिच्याखालचं सगळं काढून टाकायचं. फोटोत समोरून बघताना मानेवर केस दिसले तर रेषा खाली गेली, वळून बघताना कातडीचा पट्टा दिसला तर ती वर गेली. वर गेलेली रेषा दुरुस्त व्हायला वेळ लागतो. दाढी दिवसाला अर्ध्या मिलिमीटरहून कमी वाढते, म्हणून तिथे दोन-तीन आठवडे वस्तरा लावायचाच नाही.

गालावरच्या रेषेत उलटा मोह असतो. गालावर विरळ वाढ आहे म्हणून रेषा खाली खाली घेतली जाते आणि शेवटी जबड्यावर पट्टी चिकटवल्यासारखी दाढी उरते. गाल त्यामुळे अधिक मोठा दिसतो. कल्ल्याच्या पुढच्या कडेपासून मिशीच्या कोपऱ्याकडे जाणारी नैसर्गिक उतरण तशीच ठेवून तिच्या वरचे सुटे केस काढले तरी पुरतं. अनेकांची गालावरची दाढी तिशीपर्यंत भरत राहते, तेव्हा पंचविशीत ती कायमची खाली आखून टाकण्याची घाई कशाला? केस काढल्याने ते दाट उगवतात हा समज मात्र सोडून द्यावा. १९२८ मध्ये मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी पुरुषांच्या दाढीवर प्रयोग करून पाहिला होता. वस्तऱ्याने ना केसाची जाडी बदलली, ना वाढीचा वेग.

भुवयांकडे पुरुष शेवटी बघतात. मला ते उलट वाटतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंमधून एकदा डोळे आणि एकदा भुवया पुसून लोकांना ओळखायला सांगितलं. भुवया पुसलेले चेहरे ओळखणं लोकांना जास्त जड गेलं. माणसाची ओळख जिथे इतकी साठलेली आहे, तिथे दोरा फिरवताना हात आखडता हवा.

फोटोत भुवई तपासायची रीत जुनीच आहे. नाकपुडीच्या बाहेरच्या कडेवर पट्टी उभी धरली की ती जिथे भुवईला भेटते तिथे भुवई सुरू व्हावी. नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून तिरकी पट्टी नेली की तिथे ती संपावी. बायकांच्या भुवईची कमान बुबुळाच्या बाहेरच्या कडेवर सर्वांत उंच असावी, असं वेस्टमोर या रंगभूषाकाराने १९७० च्या दशकात मांडलं आणि प्लास्टिक सर्जनही ते बराच काळ वापरत आले. पुरुषाची भुवई त्याहून सपाट असते आणि डोळ्याच्या खोबणीच्या हाडावरच बसते. पुरुषाला खालून दोरा फिरवून कमान काढली की भुवई त्या हाडावरून वर सरकते आणि चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य येतं.

आपल्या तरुणाच्या नाकाची रुंदी फोटोत साडेअठरा मिलिमीटर आहे, आणि दोन भुवयांमधली मोकळी जागा २१. म्हणजे प्रत्यक्षात दर बाजूला दोन-अडीच मिलिमीटर भुवई जास्त उडवली गेली आहे. आकडा लहान वाटतो, पण डोळे त्यामुळे एकमेकांपासून लांब गेल्यासारखे वाटतात आणि मधला भाग पसरतो. आधीच रुंद असलेल्या चेहऱ्याला ते परवडत नाही. त्याने थ्रेडिंग दोन-चार महिने थांबवावं, आणि अगदी मधोमध, दोन भुवयांना जोडणारे जे चार केस असतील तेवढेच चिमट्याने काढावेत. वर्षानुवर्षं उपटलेल्या जागी सगळे केस परत येतीलच याची खात्री नसते. भुवई वर-खाली वाटली तर फोटोतलं कपाळ बघावं. एकाच बाजूला आठ्या असतील तर भुवईचा आकार ठीक आहे, फोटो काढताना ती फक्त उचलली गेली होती.

आता केस. "दादा, साईडला झिरो घेऊ का?" या प्रश्नाला मान डोलावून आपण पुढच्या तीन आठवड्यांचा चेहरा ठरवून टाकतो. या तरुणाची कानशिलं ५८ आहेत, गालफडं ७०. कानशिलांवरचे केस पूर्ण उडवले की वरचा भाग अजून अरुंद दिसतो आणि खालची रुंदी उठून दिसते. त्याला कानशिलांवर थोडी भर हवी. मशीनची कंगवी नंबराने सांगायची: एक नंबर म्हणजे तीन मिलिमीटर, दोन म्हणजे सहा, तीन म्हणजे दहा. कानशिलांवर तीन नंबर, तिथून खाली कानाच्या मध्यापर्यंत दोन नंबर, आणि कल्ल्यातून उतरत दाढीच्या चार मिलिमीटरला हळूहळू मिळणं, असा उतार त्याला बरोबर बसेल. आत्ता त्याच्या कानापुढे केस आणि दाढी यांच्यामध्ये झिरोचा पांढरा पट्टा आहे. त्यामुळे दाढी चेहऱ्यापासून सुटी, टांगल्यासारखी वाटते. वरचे केस चार-पाच सेंटिमीटर ठेवून थोडे वर उचलले की उंची मिळते. भांग कुठे पाडायचा हे डोक्यावरचा भोवरा ठरवतो. भोवऱ्याच्या विरुद्ध पाडलेला भांग सलूनमध्ये जेलने बसतो आणि घरी आंघोळीनंतर उठतो. समोरच्या फोटोत भोवरा दिसत नाही, म्हणून डोक्याचा मागून एक फोटो लागतोच.

सलूनमध्ये ‘मीडियम’ हा शब्द वापरू नये. प्रत्येक कारागिराचं मीडियम वेगळं असतं. नंबर सांगावा, दाढीचे मिलिमीटर सांगावेत आणि सिनेमातल्या नटाच्या फोटोऐवजी आपलाच एखादा जुना, बरा दिसलेला फोटो दाखवावा. नटाचा जबडा आपल्याला बसवता येत नाही.

एवढं सगळं मोजूनही फोटो आवडीनिवडीचा निकाल देत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डिक्सन आणि ब्रूक्स यांनी २०१३ मध्ये त्याच त्या पुरुषांचे तुळतुळीत, पाच दिवसांच्या खुंटांचे, दहा दिवसांच्या खुंटांचे आणि पूर्ण दाढीचे फोटो लोकांपुढे ठेवले. स्त्रियांना दहा दिवसांचे खुंट सर्वांत आकर्षक वाटले, तर चांगला बाप होईल असं मत पूर्ण दाढीच्या वाट्याला जास्त आलं. बघणारा काय शोधतो आहे त्यावर उत्तर बदलतं. मुलाची आई आणि स्थळ बघणारी मुलगी एकाच फोटोत वेगळ्या गोष्टी बघत असतात आणि दोघींचंही बरोबर असू शकतं. दाढी धर्माने, व्रताने किंवा शिवजयंतीसाठी हौसेने राखलेली असेल, तर तिची लांबी मोजमापाच्या बाहेर ठेवावी. मानेची रेषा, कल्ल्याचा उतार आणि बाजूचा फुगवटा एवढंच तपासावं.

या तरुणाने नवा फोटो कधी काढावा? बाजूची दाढी एका बैठकीत होईल, पण कानशिलांवर झिरोपासून तीन नंबरपर्यंत यायला महिनाभर लागेल, कारण डोक्याचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. भुवयांना त्याहून जास्त. म्हणून आज एकदा दाढी बसवून घ्यावी आणि डोक्याला हात लावू देऊ नये. पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा सलूनमध्ये जावं, आणि फोटो त्याच दिवशी न काढता चार-पाच दिवसांनी काढावा, म्हणजे वस्तऱ्याची लाली उतरते, कापलेल्या कडा थोड्या मऊ होतात आणि केस रोजच्या सवयीने पडू लागतात. खिडकी तीच, अंतर दोन मीटर, समोरून एक, दोन्ही बाजूंना थोडं वळून दोन आणि मागून एक. बायोडाटाला समोरचाच लावायचा, बाकीचे तीन पुढच्या वेळी कारागिराला दाखवायला ठेवायचे.